वाटी सरकली की गुडघा मुरगळला?

खो-खोत पळणाऱ्याची खरी कमाई हुलकावणीत असते. समजा, १४ वर्षांची एक मुलगी उजवा पाय मातीत रोवून झटकन डावीकडे वळते. पाऊल जागेवरच राहतं, गुडघा किंचित वाकलेला असतो आणि धडाबरोबर मांडी आत फिरते. त्याच क्षणी मांडीचा पुढचा स्नायू जोरात आवळतो आणि गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला निसटते. मुलगी किंचाळून खाली बसते. कुणीतरी पाय सरळ करतं, वाटी आपसूक जागेवर येते आणि मैदानावरच निदान ठरतं: गुडघा मुरगळला.

वाटी परत बसल्यामुळे बघायला काही उरत नाही, म्हणून ही चूक होते. पण खुणा राहतात. दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो, कारण आत रक्त साचतं. दुखतं ते वाटीच्या आतल्या कडेला. डॉक्टर वाटी हलकेच बाहेर सरकवून बघायला लागले, की मुलगी त्यांचा हात घट्ट धरते. माझ्या मते ही तपासणीतली सर्वांत बोलकी खूण. एक्स-रे काढायलाच हवा, कारण निसटताना वाटी मांडीच्या हाडावर घासते आणि कूर्चेचा तुकडा उडू शकतो. निव्वळ कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे शंका असेल तर एमआरआय. असा मोठा तुकडा सांध्यात सुटा फिरत असेल, तर पहिल्याच वेळी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. घरच्या मालीशवाल्याकडे नेण्यात धोका आहे तो इथे.

वाटी नेमकी अशाच वेळी का निसटते? मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते, तिच्यातून वाटी वरखाली सरकते. गुडघा साधारण ३० अंशांच्या पुढे वाकला, की वाटी खाचेत नीट बसते आणि हाडच तिला धरून ठेवतं. त्याआधी, पाय जवळजवळ सरळ असताना, तिला आत ओढून धरणारा मुख्य आधार म्हणजे आतल्या बाजूचा एक पातळ अस्थिबंध. वाटी बाहेर गेली की बहुधा तोच फाटतो. काहींची खाच जन्मतःच उथळ असते, काहींची वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली असते, काहींचे सांधे सैल असतात. पहिल्यांदा वाटी सरकलेल्यांपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश जणांना ती पुन्हा सरकण्याचा अनुभव येतो. वाढीचं वय आणि उथळ खाच एकत्र आली, तर हा धोका आणखी वाढतो.

व्यायामाने खाच खोल होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. व्यायाम बदलतो ती मांडी आत फिरण्याची सवय आणि स्नायूंचा ताबा. सुजलेल्या गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो आणि काही दिवसांतच मांडी बारीक दिसू लागते. म्हणून पहिल्या आठवड्यांत पट्टा बांधलेला असतानाही फिजिओथेरपिस्ट एकच काम देतात: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि मांडी ५ सेकंद आवळून धरायची. मग सरळ पाय उचलणं. उचलताना गुडघा जरासुद्धा वाकत असेल, तर स्नायू अजून तयार नाही असं समजून पुढची पायरी थांबवायची.

यानंतर लक्ष खुब्याकडे जातं, आणि बहुतेक घरी नेमकं हेच राहून जातं. मांडीला आत वळू न देणारे स्नायू नितंबाच्या बाजूला असतात. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, मग उथळ उठाबशा आणि शेवटी पायरीवरून एका पायाने हळूहळू खाली उतरणं. समोर आरसा ठेवावा. उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत न राहता अंगठ्याच्या आत झुकला, तर मोजणी कितीही पूर्ण झाली तरी तो व्यायाम झाला नाही. वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू तेवढा वेगळा बळकट करण्याचा सल्ला अजून दिला जातो. तो एकटा वेगळा काढता येतो याला भक्कम आधार नाही. सगळी मांडी कमवावी.

मैदानावर परतायला साधारण ३ ते ४ महिने लागतात, पण कॅलेंडरपेक्षा पाय बघावा. सूज नाही, गुडघा पूर्ण वाकतो, ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के आहे आणि एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत पडत नाही, एवढं जमलं की आधी सरळ धावणं, मग वळणं, आणि हुलकावणी सर्वांत शेवटी. एवढं करूनही वाटी पुन्हा निसटू लागली, तर फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी सहसा मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी घेऊन नवा बंध घालतात. वाढत्या मुलांत मांडीच्या हाडातलं छिद्र हाड वाढण्याच्या पट्टीला धक्का न लावता पाडावं लागतं, म्हणून अशा मुलांची सवय असलेला सर्जन शोधावा.