शिलकीचा मेसेज

रमजान लागला की मोबाइलवर मदतीच्या आवाहनांची रीघ लागते. कुठे शिधा-किट, कुठे शाळेची फी, आणि खाली क्यूआर कोड. देणारा मनापासून देतो. ईद होते आणि तो ग्रुप गप्प होतो. पुढच्या वर्षी हाच माणूस आवाहन न वाचताच पुढे सरकतो. त्याला कुणी फसवलेले नसते, पण त्याच्या पैशाचे काय झाले हेही कुणी सांगितलेले नसते.

वर्ध्यात आम्ही काही मित्र रमजानमध्ये किट वाटतो. पहिल्या वर्षी हिशेबाऐवजी फोटो टाकले. आठवडाभराने एक विद्यार्थी म्हणाला, "सर, अम्मीचा फोटो सगळ्यांनी पाहिला." त्या घराने पुढे मदत घेतलीच नाही. तेव्हापासून फोटो फक्त दुकानाच्या बिलाचा आणि भरलेल्या पिशव्यांचा. चेहरा कुणाचाच नाही.

आता पैसे मागण्याआधीच किटमध्ये काय असेल, एकाची किंमत किती आणि किती किट लागतील, हे आम्ही लिहितो. कोड स्कॅन केल्यावर कोणाचे नाव दिसेल तेही सांगतो. दुसरे नाव दिसले तर पैसे पाठवू नयेत. पाठवणाऱ्याने शेऱ्यात 'जकात' की 'इमदाद' ते लिहायचे. जकात ठरावीक हकदारांनाच देता येते. इमदाद कोणत्याही धर्माच्या गरजूला चालते. म्हणून दोन्ही रकमा पहिल्या दिवसापासून वेगळ्या.

दर शुक्रवारी जमा रकमांची यादी जाते. त्यात नावे नसतात, फक्त व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. देणारा आपली रक्कम ओळखतो, इतरांना ती कळत नाही. गरजेपुरते जमले की 'आता पाठवू नका' असेही कळवतो.

खरी कसोटी शेवटच्या मेसेजची. समजा, जकात ३१,००० आणि इमदाद ३३,५०० रुपये आली. १,४५० रुपयांचे ४० किट म्हणजे ५८,००० रुपये. त्यात जकात पूर्ण लागली, उरलेले २७,००० इमदादमधून. टेम्पो आणि पिशव्यांचे १,८०० रुपयेही इमदादमधूनच. शिल्लक ४,७००. बहुतेक हिशेब 'सर्व रक्कम वाटली' असे म्हणून संपतात. पण बेरीज इतकी नेमकी जुळली की जाणकाराला शंका येते. शिल्लक लिहावी आणि तिचे काय करायचे, ते देणाऱ्यांनाच विचारावे.

ही गोष्ट वर्ध्याला नवी नाही. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटीचे लक्ष्य ठेवले गेले, तेव्हा काँग्रेसचे खजिनदार इथलेच जमनालाल बजाज होते. सार्वजनिक पैशाच्या पै-पैच्या हिशेबाबद्दल गांधीजींचा आग्रह तर सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा वह्या होत्या, आज मोबाइल आहे. यंदा आपल्याला आवाहन आले, तर आधी त्यांना गेल्या वर्षीची शिलकीची ओळ मागा.