उद्याची सुट्टी आणि कालचं क्रियापद

‘साहेब, मला उद्या सुट्टी हवी होती.’

हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी उच्चारलेलं आहे. आता ते जरा थांबून वाचा. सुट्टी उद्याची आहे, गरज आत्ताची आहे आणि क्रियापद मात्र भूतकाळातलं. व्याकरणाच्या कुठल्याही तासाला ‘उद्या’च्या शेजारी ‘होती’ लिहिलं असतं तर बाईंनी लाल रेघ ओढली असती. पण साहेबांसमोर उभं राहिल्यावर ‘मला उद्या सुट्टी हवी आहे’ हे शुद्ध वाक्य आपल्या तोंडून निघत नाही, कारण ते अंगावर गेल्यासारखं वाटतं. ‘होती’ म्हटलं की मागणी एक पाऊल मागे सरकते. साहेबांना नाही म्हणायला जागा मिळते आणि आपलीही लाज राहते.

नोकरी शोधणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी ऑफिसातलं साधं इंग्रजी शिकवणाऱ्या एका व्हिडिओची संहिता लिहीत होते, तेव्हा या वाक्याने मला अक्षरशः थबकवलं. कारण ‘कॅन यू’ऐवजी ‘कुड यू’ आणि ‘विल यू’ऐवजी ‘वुड यू’ का म्हणायचं, हे कसं समजवावं याच कोड्यात मी अडकले होते. ‘कुड’ हे मुळात ‘कॅन’चं भूतकाळी रूप, ‘वुड’ हे ‘विल’चं. पाठ्यपुस्तकात हे अदबीचे शब्द म्हणून पाठ करायला देतात. पण युक्ती तीच आहे, आपल्या ‘हवी होती’तली! दोन्ही भाषांनी काळातलं अंतर घेतलं आणि त्याचं आदरातलं अंतर केलं. एक भाषा टेम्सच्या काठची, एक गोदावरीच्या काठची, तरी दोघींना एकच गोष्ट सुचली.

इंग्रजीला या युक्तीवर इतकं अवलंबून राहावं लागतं, त्यामागे एक हरवलेला शब्द आहे. इंग्रजीतही एकेकाळी ‘तू’ होता. त्याचं रूप होतं ‘दाउ’. ‘यू’ हा अनेकवचनी शब्द, म्हणजे आपला ‘तुम्ही’. वरच्या दर्जाच्या एका माणसालाही तो आदराने लावत, थेट आपल्यासारखं. पुढे आदराचा ‘यू’ सगळ्यांनाच लावण्याची रीत पडली आणि सतराव्या शतकात ‘दाउ’ रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेला. त्याच शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी मात्र देवापुढे सगळे सारखे म्हणून न्यायाधीशालाही जुन्या एकवचनानेच हाक मारायचा हट्ट धरला, आणि न्यायाधीश संतापत. आपल्याकडे कोर्टात कुणी ‘अरे न्यायाधीशा, तू’ म्हणाला तर काय होईल, तेच. म्हणजे जो इंग्रज आज कुत्र्याला ‘यू’ म्हणतो, तो त्याला अहो-जाहो करतोय.

सगळेच ‘तुम्ही’ झाल्यावर त्या शब्दात आदर दाखवायची ताकद उरली नाही. मग आदर गेला कुठे? तो वाक्याच्या सुरुवातीला येऊन बसला: ‘कुड यू’, ‘वुड यू’, ‘मे आय’. मराठीत तो शेवटी, क्रियापदाच्या शेपटीत राहतो. ‘दे’ आणि ‘द्या’ यांत किती अंतर आहे! त्यात ‘जरा’ घाला, ‘का’ जोडा: ‘जरा फॉर्म देता का?’ एवढ्यात सगळं झालं. म्हणून तर आपल्याला ‘कृपया’ लागत नाही. तो शब्द फलकांवर आणि रेल्वेच्या घोषणेत असतो. घरात कुणी ‘कृपया मीठ द्या’ म्हणालं तर सगळे त्याच्याकडे बघत राहतील.

आणि नेमकी इथेच आपल्या मुलांची फसगत होते. मनात ‘फॉर्म द्या’ असतं, पूर्ण आदराने. त्याचं शब्दशः इंग्रजी होतं ‘गिव्ह मी द फॉर्म’. पण ‘गिव्ह’ला शेपूट नाही. ‘दे’ही तोच आणि ‘द्या’ही तोच. बोलणाऱ्याने घातलेला आदर वाटेतच सांडतो आणि समोरच्याच्या कानावर हुकूम पडतो. मुलगा उद्धट नसतो, त्याला ते कळतही नाही. समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते, आवाज कोरडा होतो, एवढीच खूण. नुसतं ‘प्लीज’ चिकटवूनही पूर्ण काम होत नाही. ‘प्लीज गिव्ह मी द फॉर्म’ हा सभ्य कपडे घातलेला हुकूमच राहतो. म्हणून संहितेत मी एकच सवय लावायची ठरवली: काही मागायचं असेल तर वाक्य ‘कुड’ने सुरू करा.

दृश्य असं आहे. सकाळचे पावणेअकरा, एका कंपनीचा स्वागतकक्ष. सविता हातात फाइल घेऊन आत येते.

सविता: गुड मॉर्निंग. आय ॲम सविता. आय हॅव ॲन इंटरव्ह्यू ॲट इलेव्हन.

स्वागतिका: गुड मॉर्निंग, सविता. हाऊ आर यू?

सविता: आय ॲम फाइन, थँक यू. कुड यू टेल मी व्हेअर टू वेट?

स्वागतिका: प्लीज हॅव अ सीट ओव्हर देअर.

सविता: थँक यू.

पाच वेळाचं बोलणं, अर्ध्या मिनिटाचाही खेळ नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य उलगडत गेले तसतशी मी रमत गेले.

‘आय ॲम सविता’ घ्या. पुष्कळ जण इथे ‘मायसेल्फ सविता’ म्हणतात. मराठीत ‘मी सविता’ एवढं पूर्ण वाक्य होतं, ‘आहे’ गाळलं तरी चालतं. इंग्रजीत ‘ॲम’ गाळता येत नाही. आणि ‘मायसेल्फ’ म्हणजे ‘मी स्वतः’ किंवा ‘स्वतःला’. ‘मी स्वतः सविता’ असं आपण दारात उभं राहून म्हणत नाही.

‘कुड’च्या स्पेलिंगमध्ये `l` आहे आणि उच्चारात नाही. मुलं विचारतात, मग लिहायचा कशाला? तो तिथला नव्हताच. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्यात तो जुन्या काळापासून होता, एकेकाळी उच्चारलाही जाई. ‘कुड’मध्ये मुळात नव्हता, पण शेजारच्या दोघांकडे बघून लिहिणाऱ्यांनी तो इथेही घातला. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी लेखणीची ही नक्कल आपण आजही अर्जात लिहितो. बोलताना मात्र त्याला विसरायचं. शिवाय भरभर बोलताना ‘कुड यू’ जोडून ‘कुड्जू’ असं ऐकू येतं. ते ओळखता आलं पाहिजे. स्वतः मात्र दोन शब्द सुटे बोललात तरी काही बिघडत नाही.

आता स्वागतिकेचं वाक्य पाहा: ‘प्लीज हॅव अ सीट.’ यात ‘कुड’ कुठे आहे? हा तर सरळ हुकूम! माझ्या नियमाला इथे मर्यादा पडते. बसण्यात फायदा सविताचा आहे. समोरच्याच्या सोयीची गोष्ट असेल तर हुकूमच आपुलकीचा ठरतो. आपणही पाहुण्याला ‘बसता का जरा?’ असं विनवत नाही, ‘बसा, बसा’ म्हणतो; ‘घ्या हो लाडू’ म्हणतो. तेव्हा मागताना ‘कुड’, देऊ करताना थेट. तुमच्या टेबलाशी कुणी आलं तर ‘कुड यू सिट?’ म्हणू नका, ‘हॅव अ सीट’ म्हणा.

मुलाखतीत एक प्रश्न कानावरून निसटतो. घाबरून तोंडून निघतं, ‘व्हॉट?’ हे आपलं तुटक ‘काय?’ आहे. वडीलधाऱ्यांसमोर आपण ‘काय म्हणालात?’ विचारतो. तिथेही पाहा, आदराची शेपटी हजर! त्याच अदबीचं इंग्रजी: ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ हे एक वाक्य व्हिडिओत मी तीनदा म्हणायला लावलंय, आणि प्रत्येक वेळी पुढे ते दोनदा म्हणता येईल एवढी शांतता सोडलीय. व्हिडिओ बघणारा तेवढ्या जागेत मोठ्याने बोलला नाही, तर ते वाक्य त्याच्या जिभेवर बसत नाही.

राहिलं ‘हाऊ आर यू?’ प्रकृतीची चौकशी समजून सर्दी, बसची गर्दी, रात्रीची झोप हे सगळं सांगणारे उमेदवार असतात, आणि त्यांचा भाबडेपणा मला मनापासून आवडतो. पण तो प्रश्नच नव्हे. आपण सकाळी शेजाऱ्याला ‘काय, झाला का चहा?’ विचारतो तेव्हा चहाचा हिशेब मागत नसतो. 1923 साली ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नाव दिलं. तो पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून आला होता. माहिती देण्यासाठी नाही, तर माणसामाणसांतला धागा जोडण्यासाठी केलेलं बोलणं, असा त्याचा अर्थ. ‘फाइन, थँक यू’ म्हणजे ‘हो, झाला चहा’.

निरोपाच्या शब्दांत एक खड्डा आहे, विशेषतः रात्रपाळीच्या नोकऱ्यांत. रात्री नऊला कामावर येताना ‘गुड नाइट’ म्हणू नका, कितीही अंधार पडला असला तरी. ‘गुड नाइट’ फक्त जाताना. येताना ‘गुड ईव्हनिंग’. आणि जाताना आपण ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणवत नाही, पण त्याचं ‘आय ॲम कमिंग’ केलंत तर लोक तुमची वाट बघत बसतील. तिथे ‘सी यू टुमॉरो’ म्हणा. ‘गुडबाय’ही चालतं. तो मूळचा ‘देव तुमच्यासोबत असो’ अशा अर्थाचा आशीर्वाद, घासून घासून एका शब्दाएवढा उरलेला.

ही सगळी वाक्यं मिळून मोजकीच होतात. नोकरी लागल्यावर सुट्टी मागायची वेळ येईल, तेव्हा मनात आधी आपलं ‘हवी होती’ म्हणा आणि मग साहेबांना विचारा: ‘सर, कुड आय टेक लीव्ह टुमॉरो?’