चौकोनी लहरीतला अर्धा वाटा

वीज गेल्यावर साध्या, स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा चालू केला की तो घुमतो. असा इन्व्हर्टर मंडळाच्या विजेसारखी गोलाईदार साइन लहर देत नाही. व्होल्टेज निम्मा काळ धन राहतो, मग एकदम ऋण होतो आणि हे सेकंदाला 50 वेळा घडते. त्या चौकोनी लहरीत काय काय मिसळले आहे, हे जोसेफ फूरिए यांच्या श्रेणीवरून कळते. लहरीची उंची 1 धरली आणि धन भागाच्या सुरुवातीपासून मोजले, तर कोसाइनचे सगळे सहगुणक शून्य येतात. साइनचे सहगुणक फक्त विषम n साठी उरतात:

b_n = 4/(πn)

म्हणजे 50 हर्ट्झचा वाटा 1.273, 150 हर्ट्झचा 0.424 आणि पुढे असेच उतरत जाते.

आता लहर तीच ठेवून मोजणी पाव आवर्तन उशिरा सुरू करू. लगेच साइनचे सहगुणक नाहीसे होतात, कोसाइनचे उगवतात आणि त्यांची चिन्हेही एकाआड एक बदलतात: 1.273, मग −0.424. इन्व्हर्टरमध्ये काहीच बदललेले नसते. बदललेले असते फक्त आपले घड्याळ.

हा गोंधळ टाळायला ऑयलर यांचे समीकरण उपयोगी पडते: e^(iθ) = cos θ + i sin θ. त्यावरून cos आणि sin दोन्ही e^(inx) आणि e^(−inx) यांच्यात लिहिता येतात. मग प्रत्येक n साठी a_n आणि b_n ही जोडी एकाच संमिश्र संख्येत मावते:

c_n = (a_n − i·b_n)/2
c_−n = (a_n + i·b_n)/2

उलट यायचे तर a_n = c_n + c_−n आणि b_n = i(c_n − c_−n).

आपल्या लहरीत c_1 = −2i/π. पाव आवर्तनाच्या सरकण्याने तिला i ने गुणले जाते आणि उत्तर 2/π येते. दोन्ही वेळा तिची लांबी 0.637 हीच राहते. फक्त कोन 90 अंशांनी फिरतो. घटक किती मोठा आहे हे लांबी सांगते आणि तो केव्हा सुरू झाला हे कोन सांगतो. या रूपाची खरी कमाई हीच आहे.

चूक मात्र हमखास त्या दोनच्या भागाकारात होते. 0.637 हा खऱ्या उंचीचा अर्धाच भाग आहे; उरलेला अर्धा ऋण बाजूच्या c_−1 कडे असतो. शक्ती काढताना ऋण बाजू विसरली, तर 50 हर्ट्झचा वाटा 40.5 टक्के दिसतो. दोन्ही बाजूंचे वर्ग मिळवले की तो 81 टक्के येतो. बाकीचे 19 टक्के 150, 250 अशा वरच्या वारंवारतांत जातात.

उत्तर तपासायची सोयही इथेच आहे. चौकोनी लहरीच्या वर्गाची सरासरी 1 असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या सगळ्या c_n च्या लांबींच्या वर्गांची बेरीजही 1 कडेच गेली पाहिजे. ती अर्ध्यावर अडकली, तर ऋण बाजू सुटली आहे.