परकीय चलनातील मुदत कर्ज : फेडलेले हप्ते आणि वर्षअखेरची शिल्लक
लेखमाला : उद्योगाचे हिशेब

इंदूरलगतच्या, पण धार जिल्ह्यात मोडणाऱ्या पीथमपूर औद्योगिक क्षेत्रातील एखादा कारखाना परदेशी यंत्रसामग्रीसाठी डॉलरमध्ये मुदत कर्ज घेतो, तेव्हा त्याचे देणे डॉलरमध्ये ठरलेले असले तरी हिशेबाची वही रुपयांत लिहावी लागते. इंड-एएस लागू नसलेल्या कंपन्यांसाठी लेखा मानक ११ असे सांगते की, असे देणे ही मौद्रिक बाब, म्हणजे ठरावीक रकमेत चुकवायची बाब असल्याने, ताळेबंदाच्या दिवशी ती त्या दिवसाच्या विनिमय दराने, म्हणजे अखेरच्या दराने, दाखवली पाहिजे. वर्षभर एकही हप्ता फेडला नसेल तर हे काम एका गुणाकाराचे असते. मध्ये हप्ते गेले की मात्र फेडलेल्या हप्त्यांवरचा आणि उरलेल्या शिलकीवरचा असे फरकाचे दोन भाग पडतात, आणि नेमका पहिला भाग वहीतून निसटतो.

समजा, अशा कारखान्याचे कर्ज १० लाख डॉलर असून ३१ मार्च २०२२ च्या ताळेबंदात ते त्या दिवसाच्या संदर्भ दराने, म्हणजे सुमारे ७५.८१ रुपयांनी, ७,५८,१०,००० रुपये दाखवलेले आहे. जूनअखेर एक लाख डॉलरचा हप्ता ७९ रुपये दराने आणि डिसेंबरअखेर तेवढाच दुसरा हप्ता ८२.८० रुपये दराने फेडला, असे उदाहरणापुरते मानू. हे दर बँकेने प्रत्यक्ष आकारलेले विक्री दर असतात. बँकेचे शुल्क त्यात मिसळायचे नसून ते वेगळ्या खर्चखात्यात जाते. पहिल्या हप्त्यासाठी ७९ लाख रुपये गेले, पण त्यामुळे उतरलेले देणे वहीत ७५,८१,००० रुपयांचेच होते, म्हणून ३,१९,००० रुपयांचा तोटा त्याच दिवशी पक्का झाला. दुसऱ्या हप्त्यावर तो ६,९९,००० रुपये झाला. दोन्ही मिळून १०,१८,००० रुपये हा प्रत्यक्ष झालेला फरक होय.

३१ मार्च २०२३ रोजी संदर्भ दर सुमारे ८२.२२ रुपये होता. उरलेले ८ लाख डॉलर त्या दराने ६,५७,७६,००० रुपये होतात, तर जुन्या दराने ते ६,०६,४८,००० रुपये होते. म्हणजे ५१,२८,००० रुपयांचा फरक अजून न चुकवलेल्या शिलकीवरचा आहे. वर्षाचा एकूण तोटा ६१,४६,००० रुपये.

व्यवहारात लेखापाल बहुधा दोन्ही हप्ते बँकेच्या रकमेने कर्जखात्यात नावे टाकतो आणि वर्षअखेरीस फक्त ५१,२८,००० रुपयांची पुनर्मूल्यांकनाची नोंद करतो. मग खात्यात ६,४७,५८,००० रुपये उरतात. या रकमेला बँकेच्या शिल्लक-पत्रातील ८ लाख डॉलरने भागले की ८०.९५ रुपये येतात, आणि हा अखेरचा दर नसल्यामुळे हप्त्यांवरचे १०,१८,००० रुपये राहून गेल्याचे लगेच उघड होते. वर्षअखेरीस हा भागाकार करून पाहावाच, कारण उत्तर ८२.२२ आल्याशिवाय रुपयांची आणि डॉलरची शिल्लक जुळली असे म्हणताच येत नाही.

पुढील वर्षात देय असलेले दोन लाख डॉलर ताळेबंदात दीर्घ मुदतीच्या कर्जातून वेगळे काढून अल्पमुदत कर्जात दाखवायचे असतात. तेही याच अखेरच्या दराने, म्हणजे १,६४,४४,००० रुपये.

एकूण तोटा साधारणपणे नफा-तोटा पत्रकात जातो. मात्र मानकाच्या परिच्छेद ४६अ चा पर्याय ज्या कंपनीने स्वीकारला असेल, तिला घसाऱ्यायोग्य भांडवली मालमत्तेसाठी घेतलेल्या दीर्घ मुदतीच्या कर्जावरील फरक त्या यंत्राच्या किमतीत मिळवता येतो आणि तो घसाऱ्याच्या रूपाने उरलेल्या आयुष्यावर पसरतो. हा पर्याय एकदा घेतला की मागे घेता येत नाही, त्यामुळे रुपया वधारलेल्या वर्षी फायदा तेवढा नफ्यात घेण्याची सोय उरत नाही.

आयकराचा हिशेब याहून निराळा आहे. उदाहरणातील वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यातील कलम ४३अ नुसार आयात यंत्राच्या किमतीत केवळ प्रत्यक्ष रक्कम चुकवताना पडलेला फरक धरला जातो, आणि तो मागील ताळेबंदाच्या दरापासून नव्हे, तर यंत्र घेतले तेव्हाच्या दरापासून मोजावा लागतो. यंत्र घेताना दर ७४.५० रुपये असेल, तर दोन हप्त्यांवरचा फरक १०,१८,००० नव्हे, १२,८०,००० रुपये होतो. वरचे २,६२,००० रुपये मागील वर्षीच्या पुनर्मूल्यांकनात वहीत येऊन गेले होते, पण त्या वेळी काहीच चुकवलेले नसल्याने करासाठी ते धरता आले नव्हते. म्हणून प्रत्येक हप्त्यापुढे मूळ दर, मागील ताळेबंदाचा दर आणि प्रत्यक्ष दर असे तीन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावे लागतात. फक्त रुपयांची शिल्लक जपलेल्या वहीतून हा आकडा नंतर काढता येत नाही.