रतालू म्हणजे रताळे नव्हे!

भगिनींनो, मोर्णेकाठच्या आपल्या जुन्या शहरात भाजीबाजारात मराठी आणि हिंदी दोन्ही कानावर पडतात आणि कंद घेताना नेमका तिथेच घोटाळा होतो. आपले रताळे म्हणजे हिंदीतले शकरकंद. हिंदीत ज्याला रतालू म्हणतात, ते आपले कोनफळ. म्हणून कंद नावावरून नव्हे, तर पाहून घ्यावा.

रताळे दोन्ही टोकांना निमुळते असते. साल पातळ, लालसर किंवा पांढरी. ताजे रताळे कापले की पांढऱ्या दुधाचे थेंब येतात. कोनफळाची साल झाडाच्या सालीसारखी जाड, खरबरीत. आतून ते पांढरे किंवा जांभळे असते. कापल्यावर दूध न येता बुळबुळीत चिकटा लागतो. अरबी म्हणजे अळूचा कंद. ती लिंबा-अंड्याएवढी असते आणि तिच्या केसाळ सालीवर गोल वळी दिसतात. सुरण मात्र मोठा, चपटा, वर मधोमध खळगा असलेला आणि आतून पिवळट-गुलाबी असतो.

रताळे कच्चे खाल्ले तरी तोंड खाजत नाही. कोनफळ सोलताना हात खाजू शकतात आणि ते कच्चे राहिले तर घसाही थोडा खवखवतो. खरी खाज अरबीची आणि त्याहून सुरणाची. या कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. कच्चा घास चावला की ते जिभेत, घशात टोचतात.

अर्धा किलो सुरण करायचा असेल तर हात व सुरी कोरडी ठेवून हाताला तेल लावा. साल जाड काढा, इंचभर फोडी करा आणि धुऊन घ्या. लिंबाएवढ्या चिंचेच्या कोळासह भरपूर पाण्यात वीसेक मिनिटे उकळा व ते पाणी फेकून द्या. आंबटामुळे फोडी मऊ व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून घड्याळावर विसंबू नका. सर्वांत मोठी फोड मोडून पाहा. मध्ये करकरीत गाभा दिसला तर पुन्हा शिजवा. मग हरभऱ्याएवढा तुकडा जिभेच्या टोकावर दोन मिनिटे धरा. चुणचुण झाली नाही, तरच फोडणीला टाका. चिंच मदत करते, पण ती शिजवण्याची जागा घेत नाही.

अरबी मात्र सालीसकट उकडून मग सोला, म्हणजे हात खाजत नाहीत.

तोंड खाजलेच तर घास थुंकून चूळ भरा आणि थंड दूध किंवा दही घ्या. बहुधा थोड्या वेळाने बरे वाटते. पण जीभ, ओठ सुजले, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट सर्वोपचार रुग्णालय गाठावे. लहान मुलांना खाज सांगता येत नाही. ती लाळ गाळतात, रडतात. म्हणून त्यांच्या ताटात सुरण वाढण्याआधी मोठ्यांनी चाखून पाहावा.