ऐकू न आलेला ‘ट’

आधी ‘की’ म्हणा, मग ‘कू’. लिहिताना ‘क’ एकच, पण ‘कू’ म्हणताना ‘क’ सुटण्याआधीच ओठ गोल झालेले असतात आणि ‘की’ म्हणताना जीभ टाळूला जरा पुढे टेकते. पुढच्या ध्वनीची तयारी आधीच्या ध्वनीतच सुरू होते. याला भाषाविज्ञानात सहोच्चारण म्हणतात. मग प्रश्न पडतो: ध्वनी असे एकमेकांत मिसळत असतील, तर ‘क’, ‘ट’, ‘म’ हे सुटे घटक खरेच असतात, की ते फक्त लिपीने पाडलेले तुकडे?

अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेतील कॅथरीन ब्राउमन आणि लुई गोल्डस्टाइन यांनी याबाबत एक बोलके उदाहरण दिले. इंग्रजीत ‘परफेक्ट मेमरी’ हे शब्द सलग म्हटले की ‘ट’ ऐकूच येत नाही. ‘ट’ गळला, असेच कोणीही म्हणेल. पण जिभेवर चिकटवलेल्या बारीक गोळ्यांचा क्ष-किरणांनी माग घेतला, तेव्हा जिभेचे टोक ‘ट’साठी उचललेले दिसले. फक्त तोवर आधीच्या ‘क’चा अडसर सुटलेला नव्हता आणि ‘ट’ सुटण्यापूर्वी ‘म’साठी ओठ मिटले होते. दोन्हींच्या मध्ये ‘ट’ झाकला गेला. म्हणजे ध्वनिलहरीत ‘ट’ची वेगळी खूण उरली नाही, तरी तोंडाने ती हालचाल केलीच होती. यावरून दोघांनी असे मांडले की भाषेचे सुटे घटक आवाजाच्या तुकड्यांत नसून हालचालींत शोधावेत. हालचाली एकमेकींवर चढतात, पण प्रत्येकीचे लक्ष्य वेगळे राहते.

मात्र प्रत्येक लुप्त ध्वनी असाच झाकलेला असतो, असे नाही. इंग्रजीत ‘न’नंतर ‘क’ आला की ‘न’चा अनेकदा ‘ङ’ होतो. लुसी एलिस आणि विल्यम हार्डकॅसल यांनी 2002 मध्ये छापलेल्या अभ्यासात याची तपासणी केली. टाळूवर बसवलेल्या पट्टीतून जिभेचा स्पर्श नोंदवता येतो. पण जीभ उचलली आणि टाळूला टेकलीच नाही, तर पट्टीला काहीच कळत नाही. म्हणून त्यांनी जिभेवर संवेदक लावून चुंबकीय क्षेत्रात तिची हालचालही मोजली. काही जण जिभेचे टोक पुरते उचलत किंवा अजिबात उचलत नसत. काहींची जीभ मात्र मधल्या वेगवेगळ्या उंचीपर्यंत जाई.

त्यामुळे अशा नोंदींची नुसती सरासरी फसवी ठरते. ‘हो किंवा नाही’ अशा दोनच पद्धतींनी बोलणाऱ्याची सरासरीही अर्धवट उचललेली जीभ दाखवते, जी त्याने एकदाही उचललेली नसते. प्रत्येक बोलणाऱ्याच्या नोंदी वेगळ्या मांडून त्यांचे दोन स्पष्ट गट पडतात की त्या सलग पसरतात, हे पाहावे लागते. गट पडले तर तो बोलणारा एका घटकाऐवजी दुसरा निवडतो आहे. पसरल्या तर घटक तोच ठेवून त्याची हालचाल कमीजास्त करतो आहे. एकाच भाषेत, एकाच जागी दोन्ही घडते. त्यामुळे उच्चार सलग दिसला, एवढ्यावरून सुटे घटक खोटे ठरत नाहीत.