विसार, ॲडव्हान्स आणि पैठणीची ऑर्डर

येवल्याच्या एका विणकर कुटुंबातला मुलगा माझ्या ओळखीचा आहे. माग वडील आणि काका चालवतात, गिऱ्हाइकांशी फोनवर बोलण्याचं काम त्याचं. मागच्या लग्नसराईत पुण्याच्या एका बाईंनी मुलीसाठी पैठणी विणून मागितली. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणजे साडी उन्हात धूपछाव दिसावी. काठ नारळी, पदरावर मोर. किंमत ठरली ४०,००० रुपये. मग त्याने निरोप पाठवला: ‘ऑर्डर कन्फर्म करण्यासाठी ५०% ॲडव्हान्स पाठवा. ॲडव्हान्स परत मिळणार नाही.’ चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी, ‘सध्या राहू द्या.’

त्याने निरोप मला दाखवला तेव्हा पहिली गोष्ट खटकली ती ‘ॲडव्हान्स’ हा शब्द. आपण तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. जमिनीच्या व्यवहारात विसार किंवा इसार देतात, तो शब्द पाळण्याची हमी म्हणून. माघार घेतली तर तो बुडतो. पण किमतीतला काही भाग आधी देणं हा विसार नव्हे. या फरकावर कोर्टात खटले झाले आहेत. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की विसार जप्त करायचा असेल तर करारातल्या अटी स्पष्ट हव्यात आणि ती रक्कम खरोखर हमी म्हणून दिलेली हवी. शिवाय १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, की करार मोडल्याबद्दल मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे ‘परत मिळणार नाही’ एवढं लिहून सगळे २०,००० आपोआप आपले होत नाहीत.

त्या बाईंना कायदा ठाऊक असो-नसो, आपले पैसे कुठे जाणार हे त्या वाक्यात त्यांना दिसलं नव्हतं. म्हणून आम्ही आधी त्या २०,००० चा हिशेब मांडला. रेशीम ५,०००, जर ७,०००, रंगाई आणि ताणा तयार करणं ३,०००, सुरुवातीच्या विणकामाची मजुरी ५,०००.

हिशेब मांडल्यावर परताव्याच्या अटी त्यातूनच निघाल्या. रेशीम रंगायच्या आधी ऑर्डर रद्द झाली तर विणकराचं काहीच गेलेलं नसतं. रंगल्यावर रद्द झाली तर जर दुसऱ्या साडीला चालते, पण त्या खास रंगाचं रेशीम पडून राहतं. आणि साडी मागावर चढली, की ती पूर्ण करून दुसरं गिऱ्हाईक शोधण्यावाचून गत्यंतर नसतं.

तारखांवर अटी बांधायचं आम्ही टाळलं. ‘१५ दिवसांनंतर परतावा नाही’ असं लिहिलं, तर रंगारी आठवडाभर उशीर करतो आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो. त्यापेक्षा डोळ्यांना दिसेल असा टप्पा बरा. रंगवलेल्या रेशमाच्या लडी वाळत घातल्यावर दिवसाउजेडी त्यांचा फोटो पाठवायचा. बाईंचा होकार आला की मगच पुढचं काम. यात रंगावरून नंतर होणारा वादही मिटतो, कारण तक्रारींचं मूळ बहुधा तिथेच असतं.

नवा निरोप असा झाला:

‘ताई, नमस्कार. साडीची किंमत ४०,००० रुपये. त्यातले २०,००० आधी लागतील. ते शेवटच्या बिलात वजा होतील. त्यातून रेशीम, जर, रंगाई आणि सुरुवातीची मजुरी भागते. रेशीम रंगवण्याआधी तुम्ही ऑर्डर रद्द केलीत तर पूर्ण रक्कम चार दिवसांत परत देऊ. रेशीम रंगवल्यावर रद्द केलीत तर रंगाई, ताणा आणि रंगवलेल्या रेशमाचे ८,००० ठेवून १२,००० परत देऊ. लडींचा फोटो पाठवू, तुम्ही हो म्हटल्यावरच विणायला घेऊ. विणकाम सुरू झाल्यावर लगेच परतावा देता येणार नाही. ठरलेल्या दिवसापेक्षा आमच्याकडून १५ दिवसांहून जास्त उशीर झाला, किंवा विणकामात दोष निघाला, तर साडी घ्यायची की सगळे पैसे परत घ्यायचे हे तुम्ही ठरवा.’

शेवटचं वाक्य घालायला तो कचरत होता. मी आग्रह धरला. आपल्या बाजूची चूक कबूल न करणाऱ्या अटी एकतर्फी वाटतात, आणि सदोष माल परत घेऊन पैसे न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं.

निरोप त्याच बाईंना गेला. त्यांनी संध्याकाळी फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, ‘विणायला घेतल्यावर मी मागे हटले आणि ती साडी तुम्ही दुसऱ्याला विकलीत, तर माझे २०,००० कुणाचे?’

प्रश्न रास्त होता. आम्ही एक वाक्य वाढवलं: ‘साडी दुसरीकडे विकली गेली, तर आम्हाला आलेली तूट कापून उरलेली रक्कम तुम्हाला परत देऊ.’ म्हणजे ती ३४,००० ला गेली, तर तूट ६,००० ची आणि बाईंना १४,००० परत. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे जमा झाले.